नॉट डिटेक्टेड, पण कशातून? काकूंच्या रक्ताच्या पाच खेपा

काकू म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या मित्राची आई. डोंबिवलीला राहतात, आयुष्यात कधी विडी-सिगरेटला हात लावलेला नाही, आणि तरी फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. मी परळला एका मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, दिवसभर लोकांच्या रक्तातला डीएनए मोजत बसायचं, त्यामुळे मित्राचे सगळे रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडतात आणि मग डॉक्टरांकडे जातात (हे बरोबर नाही हे त्यालाही माहितीये). काकूंना विचारूनच लिहितोय, ओळख लागू नये म्हणून तारखा आणि आकडे थोडे इकडेतिकडे केलेत.

आधी थोडक्यात मागचं. २०२२ च्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला, आपल्याकडे होतं तसं आधी टीबी समजून दोन महिने गोळ्या झाल्या, मग सीटी स्कॅन, मग सुईने बायोप्सी. त्या बायोप्सीत छातीत हवा भरली आणि तीन दिवस नळी टाकून पडून राहावं लागलं, हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध आहे. रिपोर्ट आला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, ईजीएफआर जीनमध्ये एल८५८आर हा बदल. म्हणजे त्या जीनमधलं एकच अक्षर बदललंय पण त्यामुळे पेशीला वाढीचा सिग्नल बंदच होत नाही. त्यावर जेफिटिनिबची गोळी, २५० मिलिग्रॅम, रोज एक. जेनेरिक मिळते म्हणून परवडली. नवीन ओसिमर्टिनिब पहिल्यापासून देतात बऱ्याच ठिकाणी पण ती तेव्हा यांच्या आवाक्यात नव्हती.

चौदा महिने मस्त गेले. काकू परत गणपतीचे मोदक करायला लागल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच कोरडा खोकला परत आला. सीटीत मूळची गाठ ३.१ सेंटिमीटरवरून ३.९ झालेली.

इथे डॉक्टरांसमोर प्रश्न सरळ होता. जेफिटिनिब चालेनाशी झाली की निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये कारण एकच निघतं, त्याच ईजीएफआर जीनमध्ये दुसरा बदल, टी७९०एम. तो असेल तर ओसिमर्टिनिब चालते, नसेल तर बहुतेक वेळा केमोकडे वळावं लागतं. तो आहे का हे बघायला एकतर परत सुई घालायची, किंवा रक्तात बघायचं. मागच्या वेळचा प्रकार आठवून काकू सुई म्हटलं की हात जोडायच्या, आणि तसंही आता पद्धत हीच आहे की आधी रक्त बघा, रक्तात टी७९०एम सापडला तर सुईची गरज नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये रक्तातून ईजीएफआर बघायच्या टेस्टला मान्यता दिली ती याच प्रकारच्या कामासाठी.

रक्तात काय बघतो आपण? पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए तुकडे होऊन रक्तात येतो, प्रत्येक तुकडा साधारण १६७ अक्षरांचा. निरोगी माणसाच्या रक्तातही हे तुकडे असतात, बहुतेक सगळे रक्ताच्याच पांढऱ्या पेशींचे. कॅन्सरच्या पेशी मरतात त्यांचेही तुकडे त्याच गर्दीत मिसळलेले, त्यालाच सीटीडीएनए म्हणतात, आणि लिक्विड बायोप्सी म्हणजे त्या गर्दीतून तेवढे शोधायचे. संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून लाल शर्टवाले मोजायचे असतील तर किती माणसं डोळ्यासमोरून गेली हे आधी माहीत पाहिजे ना, नाहीतर "एकही दिसला नाही" याला अर्थ काय.

पहिली खेप इथेच फसली. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा शनिवारी दुपारी आला, साध्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दहा मिली घेऊन गेला. ती ट्यूब कलेक्शन सेंटरला पोचली, रविवार सुट्टी, सोमवारी सकाळी लॅबमध्ये. जवळजवळ पंचेचाळीस तास. गुरुवारी रिपोर्ट: एल८५८आर नॉट डिटेक्टेड, टी७९०एम नॉट डिटेक्टेड. मित्राचा फोन, आवाजात अक्षरशः पेढे. "अरे रक्त क्लीन आलं! म्हणजे सीटी चुकला असेल ना?"

मी म्हटलं पहिलं पान बाजूला ठेव, दुसरं पान पाठव. तिथे लिहिलेलं होतं, डीएनए ६० नॅनोग्रॅम प्रति मिली प्लाझ्मा, प्लाझ्मा म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला पातळ भाग. निरोगी माणसात हा आकडा १ ते १० च्या आसपास असतो. कॅन्सर पेशंटमध्ये वाढू शकतो, पण मग वाढलेला डीएनए गाठीचा असायला हवा आणि एल८५८आर भरभरून दिसायला हवा. डीएनए भरपूर आणि मूळचा बदल गायब, ही जोडी दिसली की पहिला संशय ट्यूबवरच घ्यायचा. ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही एवढंच, आतल्या पांढऱ्या पेशी हळूहळू फुटतच राहतात आणि त्यांचा डीएनए प्लाझ्मात ओततात. म्हणून या ट्यूबमधलं रक्त काही तासांतच सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढावा लागतो, आम्ही चार तासांच्या वर जाऊच देत नाही. मी त्या लॅबला मेल करून तुकड्यांच्या लांबीचा ग्राफ मागवला, त्यांनी विनातक्रार दिला. १६७ च्या जागी एक बारीक टेकाड आणि पुढे हजारो अक्षरांच्या लांब तुकड्यांचा डोंगर. लांब तुकडे म्हणजे ताज्या फुटलेल्या पेशी, अंगात मेलेल्या पेशींचे तुकडे इतके लांब नसतात.

आता गणित बघा, सोपं आहे. माणसाच्या डीएनएची एक पूर्ण प्रत साधारण ३.३ पिकोग्रॅमची, म्हणजे १ नॅनोग्रॅममध्ये ३०० प्रती. टेस्टमध्ये २० नॅनोग्रॅम टाकले की ६००० प्रती तपासल्या गेल्या. समजा नीट घेतलेल्या सॅम्पलमध्ये एल८५८आरचं प्रमाण ०.६ टक्के असतं, तर ६००० मध्ये ३६ सापडले असते. पण पांढऱ्या पेशींनी डीएनए दहापट केला आणि तुम्ही टाकताय तेच २० नॅनोग्रॅम, तर त्यात बदललेले उरतात साडेतीन, आणि टी७९०एम तर एकसुद्धा नाही. बऱ्याच लॅबमध्ये नियम असतो की तीनपेक्षा कमी सिग्नल आले तर पॉझिटिव्ह म्हणायचं नाही, कारण चुकून एखाददुसरा सिग्नल निरोगी रक्तातही येतो. काकूंच्या टेस्टच्या मूळ आकड्यांत एल८५८आरचे दोन सिग्नल होते. दोन! होता तो तिथे, पाण्यात दूध ओतावं तसा पातळ झालेला.

आणि यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की ट्यूब बरोबर असती तरी हा रिपोर्ट "टी७९०एम नाही" असं सांगत नव्हता. एल८५८आर हा काकूंच्या कॅन्सरचा मूळ बदल, प्रत्येक गाठपेशीत असणारच. तो रक्तात दिसला आणि टी७९०एम दिसला नाही, तर म्हणता येईल की गाठीचा डीएनए आपल्या हाती आला होता, त्यात टी७९०एम बहुतेक नाही. पण एल८५८आरच दिसला नाही म्हणजे गाठीचा डीएनए पुरेसा आलाच नाही, मग टी७९०एमबद्दल बोलायचा हक्कच नाही आपल्याला. असा रिपोर्ट निगेटिव्ह नसतो, तो कोरा असतो. रिपोर्टवर दोन्ही प्रकाराला शब्द एकच छापतात आणि घोळ तिथे होतो. नुसत्या या कागदावर कोणी केमो सुरू केली असती तर काकूंची चांगली गोळी हुकली असती.

डॉक्टर मॅडमना हे वेगळं सांगावं लागलं नाही. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "परत घ्या, यावेळी इथे येऊन द्या, आणि तेही कोरं आलं तर सुईला पर्याय नाही हो काकू."

दुसरी खेप दहा दिवसांनी. स्ट्रेक कंपनीच्या दोन ट्यूब, प्रत्येकी दहा मिली. या ट्यूबमध्ये असं रसायन असतं की पांढऱ्या पेशी फुटत नाहीत, त्यामुळे रक्त साध्या तापमानाला बरेच दिवस टिकतं, फक्त फ्रीजमध्ये ठेवायचं नाही आणि भरल्या भरल्या आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची. लोक नेमकी ही दोन कामं उलटी करतात, मी बर्फाच्या डब्यात आलेल्या स्ट्रेक ट्यूब पाहिल्यात. प्लाझ्मा दोनदा फिरवला, आधी हळू मग जोरात, म्हणजे राहिलेल्या पेशीही खाली बसतात. यावेळी डीएनए ६ नॅनोग्रॅम प्रति मिली, तुकडे १६७ वर सुबक. एल८५८आर ०.६ टक्के, टी७९०एम ०.१५ टक्के. ०.१५ टक्के म्हणजे ६००० मध्ये नऊ तुकडे, बस. या नऊ तुकड्यांच्या जोरावर औषध बदललं. ओसिमर्टिनिब, ८० मिलिग्रॅम, पैसे कंपनीच्या पेशंट स्कीममधून आणि थोडे मित्राच्या पीएफमधून.

तिसरी खेप औषध सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी. इथे या टेस्टचा खरा फायदा दिसतो, कारण रक्तातला हा डीएनए फार टिकत नाही, पाव तास ते दोन-अडीच तासांत निम्मा साफ होतो. म्हणजे आज जे दिसतंय ते आजचंच, मागच्या महिन्याची शिळी शिल्लक नाही. एल८५८आर नॉट डिटेक्टेड, टी७९०एम नॉट डिटेक्टेड, तेच दोन शब्द जे पहिल्या खेपेला होते, पण आता त्यांना वजन होतं, कारण तोच माणूस, तशीच ट्यूब, तेवढाच डीएनए, आणि महिन्यापूर्वी छत्तीस होते तिथे शून्य. दोन महिन्यांनी सीटीत गाठ २.४ वर आलेली, त्याने शिक्कामोर्तब झालं.

मित्राने विचारलं, "म्हणजे शून्य ना रे आता?" शून्य नाही. ६००० प्रती बघितल्या आणि एकही सापडली नाही, तर आकडेशास्त्र सांगतं की खरं प्रमाण ०.०५ टक्क्यांपर्यंत असूनही आपल्याला शून्य दिसू शकतं. तीन भागिले ६०००, पाठ करून ठेवा, कुठल्याही शून्याला लावता येतं. रक्त जास्त घेतलं, प्रती जास्त तपासल्या तर ही मर्यादा खाली जाते पण शून्यावर कधीच जात नाही, आणि काकूंचं किती रक्त काढणार.

मग मित्राने आणि काकूंनी ठरवलं दर महिन्याला टेस्ट करायची. मॅडमनी सरळ नाही म्हटलं. त्यांचा प्रश्न होता की वर आलं तर तुम्ही काय करणार? माणूस ठणठणीत, सीटी ठीक, आणि रक्तात दोन तुकडे दिसले, तर पुढची गोळी हातात आहे का? नसेल तर महिन्याला हजारो रुपये देऊन झोप उडवून घ्यायची. शेवटी तीन-तीन महिन्यांनी सीटी आणि वाटलं तर मधे रक्त, असं ठरलं. मला लॅबवाला म्हणून हे बोलायला जड जातं, पण मॅडमचं बरोबर होतं.

चौथी खेप ऑक्टोबर २०२४, अकरा महिने झालेले. क्लीन. नीट ट्यूब, नीट डीएनए, एल८५८आर नाही. मित्राने ऑफिसात बिर्याणी दिली. आणि बरोबर दोन आठवड्यांनी काकू सकाळी पोळ्या लाटताना लाटणं डाव्या हातातून दोनदा पडलं. त्या म्हणाल्या पीठ हाताला लागलं असेल. दुपारी उलटी. एमआरआयमध्ये मेंदूत तीन डाग, सगळ्यात मोठा नऊ मिलिमीटरचा.

त्या रात्री मित्र माझ्यावर ओरडला, आणि मला राग नाही आला. "अरे तूच म्हणालास ना यावेळचा रिपोर्ट भरोशाचा आहे?" भरोशाचा होता, रक्तासाठी. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जी भिंत असते ती बरीच औषधं आत जाऊ देत नाही तसंच डीएनएचे तुकडे बाहेरही फार सोडत नाही, त्यामुळे फक्त मेंदूत वाढलेला कॅन्सर रक्ताच्या टेस्टला बहुतेक वेळा दिसतच नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून बघितलं तर तिथे सापडण्याची शक्यता जास्त असते. हे मला माहीत होतं, आणि मी बिर्याणीच्या दिवशी बोललो नाही. ते माझ्याकडून राहिलं. रक्ताचा रिपोर्ट एमआरआयची सुट्टी मागायला वापरायचा नाही, एवढं एक वाक्य होतं.

तिन्ही डागांना एका आठवड्यात नेमकं रेडिएशन दिलं, ओसिमर्टिनिब तीच चालू ठेवली कारण मानेखाली सगळं ताब्यात होतं. हात महिन्याभरात सुधारला. लाटणं आता उजव्या हाताच्या जोरावर चालतं म्हणतात.

पाचवी खेप एप्रिल २०२५, आणि ही सगळ्यात अवघड. यावेळी फक्त दोन बदल न बघता मोठं पॅनल केलं, म्हणजे बरेच जीन एकदम बघणारी टेस्ट, कारण ओसिमर्टिनिबला दाद न देण्याची कारणं अनेक. रिपोर्टवर तीन ओळी. एल८५८आर ०.२ टक्के, परत आला. टी७९०एम नाही आणि सी७९७एसही नाही, हा दुसरा बदल ओसिमर्टिनिबला चिकटायची जागाच बिघडवतो. आणि तिसरी ओळ, डीएनएमटी३ए नावाच्या जीनमध्ये बदल, ३ टक्के.

मित्राला साहजिकच ३ टक्केवाला खलनायक वाटला, पंधरापट मोठा आकडा. मी त्याच ट्यूबच्या तळाला बसलेल्या पांढऱ्या पेशी काढून ठेवल्या होत्या, त्यांचा डीएनए बघितला, तिथेही तोच बदल तेवढाच, ३ टक्के. म्हणजे तो कॅन्सरचा नाहीच, काकूंच्या रक्तपेशींचा आहे. वय वाढतं तसं हाडातल्या मगजातली एखादी मूळ पेशी असा बदल घेऊन आपलं कुटुंब वाढवते, साठीच्या पुढे हे बऱ्याच जणांत सापडतं, आणि डीएनएमटी३ए त्यातलं नेहमीचंच नाव. प्लाझ्मातला बहुतेक डीएनए पांढऱ्या पेशींचा असतो हे वर सांगितलंय, तर त्यांचे बदलही प्लाझ्मात दिसणारच. पांढऱ्या पेशी शेजारी ठेवून न बघितलेलं पॅनल वाचताना म्हणून जपून. ३ टक्के बाजूला ठेवायचे, काळजी ०.२ टक्क्यांची.

पण त्याचं करायचं काय? सीटी त्या दिवशी जसाच्या तसा होता. रक्तात आधी दिसतं आणि स्कॅनमध्ये काही आठवडे किंवा महिन्यांनी, असं बऱ्याचदा होतं, त्यात नवल नाही. प्रश्न आहे की आधी कळून आधी औषध बदललं तर माणूस जास्त जगतो का. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये सेरेना-६ नावाची ट्रायल झाली, २०२५ च्या जूनमध्ये तिचे निकाल आले. रक्तात ईएसआर१ जीनचा बदल दिसला की स्कॅन बिघडायची वाट न बघता गोळी बदलली, तर आजार ताब्यात राहण्याचा काळ ९ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. आयुष्य वाढतं का हे मात्र त्या निकालातून अजून ठरलेलं नाही, आणि तिथे बदलायला एक नेमकी गोळी हातात होती. काकूंच्या ०.२ टक्क्यांसमोर तशी गोळी नव्हती. मॅडमनी औषध तेच ठेवलं, फक्त पुढचा सीटी तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांवर आणला, आणि मेंदूचा एमआरआय त्याच दिवशी लावला.

सहा आठवड्यांनी मेंदू शांत, पण फुफ्फुसाच्या आवरणावर दोन नवीन गाठी. मित्र म्हणाला ठीक आहे, परत रक्त घेऊ, कारण कळेल. इथे मात्र रक्त अपुरं पडतं. ओसिमर्टिनिब थकण्याचं एक कारण असतं मेट जीनच्या प्रती वाढणं, म्हणजे अक्षर बदलत नाही, तीच पानं जास्त वेळा छापली जातात. गाठीचा डीएनए इतका कमी असताना ही जास्तीची पानं बाकी डीएनएच्या गर्दीत बुडून जातात, रिपोर्टवर येणार नाहीत. आणि दुसरं कारण, कधीकधी कॅन्सर आपला प्रकारच बदलतो, अ‍ॅडेनोचा स्मॉल सेल होतो, त्याची केमो पूर्ण वेगळी. ते ठरवायला पेशी कशी दिसते ते मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं आणि प्लाझ्मात पेशीच नसते.

मित्र फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग मागून काकूंचाच आवाज आला, "त्याला विचार, यावेळी सुई कुठून घालणार?" नवीन गाठी आवरणावर आहेत, बरगड्यांच्या लगेच आत, त्यामुळे सोनोग्राफीत बघत बघत बाजूने घालता येते, सुईला फुफ्फुस ओलांडून जावं लागत नाही, हवा भरायचा धोका मागच्यापेक्षा बराच कमी. मी हे सांगितलं. "मग मंगळवारचं घे," त्या म्हणाल्या, "सोमवारी माझा उपास असतो."